कूलर लागायच्या आधी डाळ मिलच्या मोटरची तयारी

एप्रिल लागला की नागपुरात घरोघरी कूलर सुरू होतात आणि संध्याकाळी व्होल्टेज बसतं. त्याआधी अर्धा दिवस मोटरसाठी काढा. मी दहा एचपीची, चार पोलची मोटर धरतो. पाटीवर 415 व्होल्ट, 14 अँपिअर, 1440 आरपीएम.

पहिलं काम मोजमापाचं. रात्री आठला, मिल पूर्ण मालावर असताना, इलेक्ट्रिशियनकडून मोटरच्या टर्मिनलवरच तिन्ही फेजचं व्होल्टेज घ्या. मीटरपाशी 365 दिसतं आणि लांब, बारीक केबलमुळे मोटरपाशी 353 उरतं, म्हणजे पाटीवरच्या 415 च्या 85 टक्के. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, त्यामुळे तेवढ्याच स्लिपला, म्हणजे 1500 ने फिरणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामागे रोटर तेवढाच राहिला तर, तो 72 टक्केच मिळतो. माल तर तेवढाच आहे, मग रोटर आणखी मागे पडतो: 1500 पासूनची स्लिप 60 वरून साधारण 83 आरपीएम होते. वेग फक्त 23 ने कमी झाला, आवाजात काहीच कळत नाही. टाँग टेस्टर मात्र साडेसोळा अँपिअर दाखवतो, आणि वाइंडिंगमधली उष्णता जवळपास 40 टक्क्यांनी वाढलेली असते. मोटर सहसा 40 अंश हवेसाठी बनवलेली. मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये ते तेवढ्यावर कुठलं थांबतं!

म्हणून ओव्हरलोड रिले वारंवार पडू लागला तर स्क्रू 17 वर नेऊ नका. रिले खरं बोलतोय. 14 अँपिअर येईपर्यंत हॉपरचं गेट कमी करा आणि त्या जागी रंगाची खूण करून ठेवा. माल पंधराएक टक्के कमी निघेल. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले वाइंडिंगच्या फेजमध्ये असेल, तर सेटिंग लाइन करंटच्या 0.58 पट, म्हणजे 8 अँपिअर हवं. तिथे 14 लावलेलं असेल तर मोटरला राखणदारच नाही.

दुसरी खरी अडचण सुरू करताना. डायरेक्ट चालू केल्यावर पूर्ण लोडच्या दुप्पट टॉर्क देणारी मोटर स्टारमध्ये त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे 67 टक्के देते; 353 व्होल्टला उरतात 48. लाइट जाऊन आल्यावर एलिव्हेटरच्या बादल्या भरलेल्या असतील तर ती अर्ध्या वेगावर अडकून गुरगुरत राहते. टायमर वाढवून उपयोग नाही, करंट तोवर जाळत असतो. बूटमधला माल काढायला घमेलं आणि माणूस जवळ ठेवा.

स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असलेले काहीजण संध्याकाळसाठी टॅप चढवतात. तसं करायचंच असेल तर आधी पहाटे दोनला मोजा. तेव्हा 455 व्होल्ट आले, तर स्लिप 50 वर येते, पण लोखंड सॅच्युरेट होतं: रिकाम्या मोटरचा 6 अँपिअर सहज 8 वर जातो. असं दिसलं तर टॅप आहे तिथेच राहू द्या, पैसे जाड केबलवर घाला.