फ्रिजमधली बुडबुड, टिकटिक आणि ‘फट्’: आवाज ओळखताना या चुका टाळा

रात्री घर शांत झालं की फ्रिज बोलायला लागतो. पोटात गुडगुडल्यासारखी बुडबुड, मध्येच ‘टक्’, आणि कधी लाकूड तडकल्यासारखा ‘फट्’. यातले बहुतेक आवाज निरोगी फ्रिजचेच असतात. तरीही त्यापायी चांगल्या फ्रिजची सीलबंद नळी टोचली जाते, आणि खरा बिघाड सांगणारी टिकटिक मात्र ‘फ्रिज करतोच असा आवाज’ म्हणून महिनाभर चालू दिली जाते. दोन्हीकडे चूक एकच होते. माणूस आवाज ऐकतो, पण त्या वेळी कॉम्प्रेसर काय करत होता ते पाहत नाही.

पहिली चूक: बुडबुड ऐकून ‘गॅस कमी झाला’ असं ठरवणं

कॉम्प्रेसर चालू असताना फ्रिजच्या नळ्यांचे दोन भाग पडतात. बाहेरच्या कंडेन्सरमध्ये दाब जास्त आणि गॅस द्रवरूपात, तर आतल्या थंड कॉइलमध्ये दाब कमी आणि तोच द्रव उकळत असतो. दोघांच्या मध्ये कॅपिलरी नावाची दोन-तीन मीटर लांबीची बारीक तांब्याची नळी असते. तिचं आतलं भोक जेमतेम पाऊण मिलिमीटरचं. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये R600a म्हणजे आयसोब्युटेन असतो. त्याचा कंडेन्सरमधला दाब साधारण पाच-सहा बार असतो, तर थंड कॉइलमधला एक बारपेक्षाही कमी, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा कमी.

कॉम्प्रेसर थांबला की हा फरक टिकत नाही. कंडेन्सरमधला उरलेला द्रव कॅपिलरीतून थंड कॉइलकडे सरकत राहतो. तो संपला की त्याच्यामागून वाफ घुसते आणि आत साठलेल्या द्रवातून बुडबुडे काढत जाते. ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉने फुंकल्यावर होतो तसाच हा आवाज. दोन्हीकडचे दाब सारखे झाले की तो आपोआप विरतो. बहुतेक फ्रिजमध्ये याला तीन ते पाच मिनिटं लागतात. कॉम्प्रेसर सुरू होतानाही अशीच छोटी खळखळ ऐकू येते, कारण दाब एकदम उतरल्यामुळे कॉइलमधला द्रव जोरात उकळू लागतो. चालू असताना कॅपिलरीच्या तोंडाशी बारीक ‘सूंऽऽ’ येतो. हे तिन्ही आवाज सांगतात की गॅस आहे आणि फिरतो आहे.

गॅस खरोखर गळला असेल तर तो ओळखायची खूण कानाला नाही, हाताला लागते. कॉम्प्रेसर अर्धा तास सलग चालल्यावर फ्रिजच्या बाहेरच्या बाजूंवर तळहात ठेवा. आजकाल कंडेन्सरची नळी बहुधा पत्र्याच्या आतून फिरवलेली असते, त्यामुळे तिथे कोमट लागायला हवं. (या कोमटपणालाही लोक घाबरतात, पण आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते.) कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही, बाजू खोलीइतक्याच गार आहेत आणि आतलं तापमान उतरत नाही, अशा तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर गळतीचा संशय घ्या. डायरेक्ट कूल फ्रिज असेल तर आणखी एक खूण डोळ्यांना दिसते: फ्रीझरच्या भिंतीवर बर्फ एकाच कोपऱ्यात धरतो आणि बाकीची भिंत कोरडी राहते.

‘थोडा गॅस मारून घेऊ’ हा उपाय मात्र करूच देऊ नका. फ्रिजमधला गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे. योग्य काम म्हणजे गळती शोधणं, ती बंद करणं, फिल्टर-ड्रायर बदलणं, व्हॅक्यूम करणं आणि मग लेबलवर लिहिलेला गॅस वजनकाट्यावर मोजून भरणं. लेबलवर ५५ ग्रॅम लिहिलं असेल आणि अंदाजाने १० ग्रॅम जास्त गेला, तर ती चूक अठरा टक्क्यांची झाली. शिवाय R600a ज्वालाग्राही आहे. आत गॅस असताना नळीजवळ ज्योत नेणारा माणूस कामाला लावू नका.

दुसरी चूक: आवाज थांबवायला प्लग काढून लगेच लावणं

बुडबुड सुरू झाली की स्विच बंद-चालू करून पाहायची सवय अनेकांना असते. त्या क्षणी दाब सारखे झालेले नसतात. साध्या कॉम्प्रेसरच्या मोटरला कंडेन्सरमधल्या पूर्ण दाबाविरुद्ध सुरू व्हायची ताकद नसते. ती जागेवर अडकते, नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि तापते. मग कॉम्प्रेसरच्या अंगाला लावलेला ओव्हरलोड प्रोटेक्टर ‘टक्’ करून वीज तोडतो. म्हणजे निर्धोक आवाज घालवायच्या नादात आपण बिघाडाचा आवाज तयार करतो. प्लग काढलाच असेल तर परत लावण्याआधी किमान पाच मिनिटं थांबा.

तिसरी चूक: सगळ्या टिकटिकीला एकच समजणं

बुडबुडीला माणसं विनाकारण घाबरतात, टिकटिकीला मात्र पुरेसं घाबरत नाहीत. म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

एका फ्रॉस्ट-फ्री फ्रिजची तक्रार घेऊ: ‘रात्री टक् होतं आणि मग बुडबुडतं.’ अशा वेळी दोन चक्रं घड्याळ लावून लिहून काढावीत. समजा नोंद अशी झाली: ११:१० ला ‘टक्’ आणि कॉम्प्रेसर बंद. ११:१३ पर्यंत विरत जाणारी बुडबुड. ११:२० ला एक ‘फट्’. ११:३१ ला ‘टक्’, पाठोपाठ हलकी घुमी आणि क्षणभर खळखळ. १२:०४ ला पुन्हा ‘टक्’ आणि बंद. मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्याच्या ग्लासात सकाळी थर्मामीटर ४ अंश दाखवतो. या फ्रिजला काहीही झालेलं नाही. ‘टक्’ हा थर्मोस्टॅटचा किंवा रिलेचा, आणि तो प्रत्येक चक्रात दोनदाच येतो: सुरू होताना एकदा, थांबताना एकदा.

आता तीच नोंद अशी असती तर? ‘टक्’, मग सात-आठ सेकंद दाबलेली गुरगुर, पुन्हा ‘टक्’, तीन-चार मिनिटं शांतता आणि पुन्हा तेच. पाण्याच्या ग्लासात ११ अंश. इथे कॉम्प्रेसर सुरू होण्याचा प्रयत्न करतो आहे, त्याला जमत नाही आणि ओव्हरलोड त्याला वाचवतो आहे. मधल्या शांततेत ओव्हरलोडमधली धातूची चकती थंड होत असते. या क्रमात लक्ष देण्याची खूण म्हणजे बुडबुड गायब आहे. कॉम्प्रेसर चाललाच नाही, तर दाबाचा फरक तयार कुठून होणार?

असं ऐकू आलं तर फ्रिज लगेच बंद करा. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात मोटरची वायंडिंग तापते. एकटा रिले बदलून भागलं असतं तिथे पुढे पूर्ण कॉम्प्रेसर बदलायची पाळी येते. तासभर थांबून एकदाच पुन्हा लावून पाहा, तेही एक्स्टेंशन बोर्ड काढून थेट भिंतीतल्या सॉकेटवर, कारण बारीक वायरच्या लांब बोर्डावर सुरू होतानाचं व्होल्टेज पडतं. तरीही तसंच झालं तर मेकॅनिकला सांगताना ‘टकटक करतो’ एवढंच सांगू नका. ‘आठ सेकंद गुरगुरतो आणि ट्रिप होतो’ असं सांगा. तो आधी व्होल्टेज, स्टार्टिंग रिले, ओव्हरलोड आणि असल्यास कपॅसिटर तपासेल. कॉम्प्रेसरचा निर्णय त्यानंतरच व्हायला हवा. हे भाग स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो.

तिसऱ्या प्रकारची टिकटिक भरभर आणि एकसारखी असते, सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकल्यासारखी. ती फ्रीझरच्या मागून येते. बर्फ वाढून पंख्याच्या पात्याला घासतो आहे. याची परीक्षा सोपी आहे. बऱ्याच फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये दार उघडलं की पंखा थांबतो. दार उघडा, टिकटिक थांबते का ऐका. मग दाराच्या चौकटीतला छोटा स्विच बोटाने दाबून धरा. टिकटिक परत आली तर दोष पंख्याजवळच आहे. सामान काढून फ्रिज बंद करा, दारं २४ तास उघडी ठेवा आणि खाली जुने टॉवेल पसरा. बर्फ सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने फोडू नका. ॲल्युमिनियमच्या कॉइलला एक टोचा पुरतो, आणि मग गॅस खरोखरच जातो. महिन्याभरात टिकटिक परतली तर दाराचं रबर, पाणी निघून जाण्याचं भोक आणि डिफ्रॉस्ट हीटर तपासून घ्या.

चौथी चूक: ‘फट्’ म्हणजे काहीतरी फुटलं असं मानणं

फ्रिजची आतली भिंत प्लॅस्टिकची, बाहेरची पत्र्याची आणि मध्ये दोघांना चिकटलेला कडक फोम. तापमान बदललं की प्लॅस्टिक पत्र्याच्या पाच-सहा पट आकसतं किंवा पसरतं. नवा फ्रिज पहिल्यांदा लावला की फ्रीझरची आतली भिंत ३० अंशांवरून उणे १८ पर्यंत जाते. सुटी असती तर ६० सेंटिमीटरची ती भिंत दोन मिलिमीटरहून जास्त आखडली असती. पण फोमने तिला धरून ठेवलेलं असतं. ताण साठतो आणि एखाद्या कोपऱ्यात एकदम सुटतो, तोच ‘फट्’. म्हणून पहिल्या दिवशी आणि खूप सामान एकदम भरल्यावर हा आवाज जास्त येतो.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये तो डिफ्रॉस्टच्या वेळीही येतो. हीटर लागला की उणे वीस-पंचवीस अंशांवरची कॉइल वीस-तीस मिनिटांत शून्याच्या वर जाते, आणि तिचे पत्रे व आजूबाजूचं प्लॅस्टिक कडकडतं. त्यातच तापलेल्या हीटरवर पाण्याचे थेंब पडून ‘चर्रऽ’ होतं. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा हा आवाज ऐकून शॉर्टसर्किट समजू नका. जळका वास नसेल आणि आवाज अर्ध्या तासात थांबत असेल तर तो बर्फ वितळण्याचा आहे.

कॉम्प्रेसर थांबताना खालून येणारा ‘थड्’ मात्र वेगळा. बुडाच्या रबरांवर कॉम्प्रेसर किंचित हलतो, तेवढा मऊ धक्का चालतो. पण पत्र्यावर आपटल्यासारखा खणखणीत आवाज येत असेल तर प्लग काढून मागे पाहा. एखादी तांब्याची नळी पत्र्याला किंवा दुसऱ्या नळीला टेकलेली असते. ती जोर लावून वाकवू नका. मधल्या फटीत फोमचा किंवा रबराचा तुकडा बसवा. ही एक दुरुस्ती लांबणीवर टाकू नये, कारण घासून घासून ती नळी त्याच जागी भोकाला येते.