आकृती गायब असलेला संकराचा प्रश्न: चौकट आखण्याआधी काय काय बघून ठेवायचं

बारावीचे जेनेटिक्सचे सराव प्रश्न एका मोबाइलवरून दुसऱ्यावर फिरत येतात. दादर स्टेशनबाहेर त्यांची झेरॉक्स निघेपर्यंत आकृतीच्या जागी नुसता काळा ठोकळा उरलेला असतो. खाली मजकूर मात्र शाबूत असतो: ‘आकृतीत दाखवलेल्या जनकांच्या संकरातून पुढील बिया मिळाल्या.’ जनकांचे जीनोटाइप त्या ठोकळ्यात गेले. तरीही प्रश्न बहुतेक वेळा सुटतो. संततीवरून मागे जाता येतं, फक्त पनेट चौकट आखायची घाई करायची नाही.

पेन्सिल, कोरा कागद, हे सांगायला नको. अक्षरं ठरवून घ्या, गोलसाठी R, सुरकुतलेल्यासाठी r, पिवळ्यासाठी Y, हिरव्यासाठी y.

प्रभावी कोण, हेही आकृतीतच होतं का ते बघा. वाटाणा असेल तर पाठ असायलाच हवं: बी गोल आणि पिवळी प्रभावी, पण शेंग हिरवी प्रभावी. बी आणि शेंग यांच्या रंगात गल्लत करू नका, दरवर्षी कोणी ना कोणी करतंच. वाटाण्याऐवजी अनोळखी प्राणी असेल आणि संतती निम्मी-निम्मी असेल, तर प्रभावी कोण हे त्या आकड्यांवरून कळत नाही. 3:1 असेल तर कळतं, कारण तीन भाग असलेलं रूप प्रभावी.

आता मजकूर पुन्हा वाचा, आणि या वेळी फक्त एकाच गोष्टीसाठी: जनक दिसायला कसे होते हे कुठे लिहिलंय का? ‘गोल-पिवळ्या’, ‘शुद्ध’, ‘चाचणी संकर’, ‘स्वपरागण’, असा एखादा शब्द सापडला तरी तो अधोरेखित करा. हीच पायरी सहज राहून जाते, म्हणून या यादीत ती पुन्हा पुन्हा येणार आहे.

मग अप्रभावी संतती शोधा. सुरकुतलेली एक जरी बी असेल तरी दोन्ही जनकांकडे r आहेच, कारण तिला एक r इकडून आणि एक तिकडून मिळालाय. उलटं मात्र चालत नाही. चारच बिया दिल्यात आणि त्यांत हिरवी एकही नाही, म्हणून जनक YY ठरवून मोकळे होऊ नका. Yy × Yy असतानाही चारही बिया पिवळ्या निघायची शक्यता जवळजवळ 32 टक्के असते. आकडा लहान असेल तर Y_ असं लिहून दुसरी जागा मोकळी ठेवा.

यानंतर दोन गुण सुटे करा. समजा मजकुरात 80 बिया दिल्यात: गोल-पिवळ्या 31, गोल-हिरव्या 28, सुरकुतलेल्या-पिवळ्या 11, सुरकुतलेल्या-हिरव्या 10. आधी फक्त आकार बघा. गोल 59, सुरकुतलेल्या 21, म्हणजे साधारण 3:1, म्हणून Rr × Rr. मग फक्त रंग. पिवळ्या 42, हिरव्या 38, म्हणजे 1:1, म्हणून Yy × yy. आता जोडा: RrYy × Rryy. आकारात दोघेही Rr असल्यामुळे दुसरी जोडी बनूच शकत नाही, उत्तर एकच. आकडे तंतोतंत 3:1 नाहीत म्हणून घाबरू नका. मेंडेलच्या 1866 च्या निबंधात गोल बिया 5474 आणि सुरकुतलेल्या 1850 आहेत, तेही 2.96:1 भरतं.

आता तो धोक्याचा प्रश्न. 200 बिया: 52, 48, 47, 53, याच क्रमाने. गोल 100, सुरकुतलेल्या 100. पिवळ्या 99, हिरव्या 101. दोन्हीकडे 1:1, एकूण 1:1:1:1. हे दिसलं की हात आपोआप RrYy × rryy लिहितो, कारण चाचणी संकर डोक्यात पक्का बसलेला असतो. थांबा. सुटं केल्यावर हाती आलेलं एवढंच आहे: एका जनकाकडे Rr, दुसऱ्याकडे rr, आणि एकाकडे Yy, दुसऱ्याकडे yy. Rr ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच Yy आहे, असं कुणी सांगितलं? Rryy × rrYy हीही जोडी तितकीच बसते.

दोन्ही चौकटी आखून बघा, वेळ लागत नाही. पहिल्यात एका जनकाची युग्मकं RY, Ry, rY, ry आणि दुसऱ्याचं फक्त ry, म्हणून चार घरं. दुसऱ्यात एकाची Ry आणि ry, दुसऱ्याची rY आणि ry, तीही चारच घरं. दोन्हीकडे घरांत तेच येतं: RrYy, Rryy, rrYy, rryy, प्रत्येकी एक चतुर्थांश. नुसती रूपंच नव्हे, संततीचे जीनोटाइपसुद्धा सारखे. त्यामुळे संतती कितीही मोजली, 200 च्या जागी 2000 बिया घेतल्या, तरी या दोन जोड्यांतला फरक त्यातून निघणार नाही. तो फक्त जनकांच्या दिसण्यातून निघतो. पहिल्या जोडीत एक जनक गोल-पिवळा आणि दुसरा सुरकुतलेला-हिरवा. दुसऱ्या जोडीत एक गोल-हिरवा आणि दुसरा सुरकुतलेला-पिवळा. म्हणून मजकूर पुन्हा वाचा. जनक कसे दिसत होते? ‘चाचणी संकर’ हा शब्द असेल तर पहिली जोडी, विषय संपला. ‘एका जनकाच्या स्वपरागणातून 9:3:3:1 मिळालं’ असं असेल तरीही पहिलीच, कारण दुसऱ्या जोडीतल्या कुणाकडूनच ते मिळत नाही.

शब्द सापडलाच नाही तर पर्याय बघा. दोनपैकी एकच जोडी पर्यायांत असेल तर ती घ्या. दोन्ही असतील, किंवा प्रश्न लेखी असेल, तर दोन्ही जोड्या लिहा आणि आकृतीशिवाय एक ठरत नाही हे एका ओळीत नमूद करा. एकच जोडी ठोकून दिली तर ती अंदाजाने लिहिलेली ठरते. नेमकं काय विचारलंय तेही बघा. ‘पुढची बी सुरकुतलेली-हिरवी असण्याची शक्यता किती’ एवढंच असेल तर जनक कुठलेही घ्या, उत्तर 1/4 च.

आणि 1:1:1:1 दिसलं की जनकांचं दिसणं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

उरलेलं भराभर. नर-मादींचे आकडे वेगळे दिले असतील आणि एक रूप फक्त नरांतच असेल तर जनुक बहुधा X वर आहे, R-r ची साधी चौकट सोडून द्या. 2:1 आलं तर एक जीनोटाइप जगतच नसेल. चारपैकी दोन गट खूप मोठे आणि दोन खूप लहान, पण गुण सुटे केल्यावर प्रत्येकी 1:1, तर जनुकं सहलग्न आहेत, आणि मग सारख्या वाट्याची चार घरं चालणार नाहीत. शेवटी ठरवलेल्या जनकांवरून चौकट पुढे भरा आणि दिलेल्या आकड्यांशी ताडून बघा.