फोनवरच्या प्राथमिक मुलाखतीत स्वतःची ओळख करून देताना या चुका टाळा

भरती विभागातून येणारा पहिला फोन बहुधा दहा-पंधरा मिनिटांचा असतो आणि त्यात "स्वतःबद्दल सांगा" हा प्रश्न ठरलेलाच असतो. अनेक वर्षे असे फोन करणारी व्यक्ती म्हणून मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. समोरची व्यक्ती आपले बोलणे ऐकत असताना ते लिहूनही घेत असते, हे बहुतेक उमेदवारांच्या लक्षात येत नाही. समोरासमोर बसलेले असताना तिचे पेन थांबलेले दिसते, कपाळावरची आठी दिसते. फोनवर यांतले काहीच दिसत नाही, आणि पुढच्या बहुतेक चुका येथूनच सुरू होतात.

पहिली चूक नावापाशी होते. फोन उचलल्याबरोबर एका दमात नाव, आडनाव, गाव आणि पदवी सांगितली, तर नाव हमखास निसटते, कारण ऐकणाऱ्याचा कान आपल्या आवाजाला अजून सरावलेला नसतो. शिवाय साध्या टेलिफोन जोडणीतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पोहोचतो आणि 'स', 'श' यांच्यातला फरक सांगणारा बराचसा भाग त्याच्या वर राहतो. नव्या फोर-जी कॉलवर ही अडचण कमी होते, पण दोन्ही टोकांना ती सोय असेलच असे नाही. त्यामुळे 'सहाणे' आणि 'शहाणे' यांत गोंधळ होतो. आधी "नमस्कार" म्हणून क्षणभर थांबावे, मग नाव सावकाश सांगावे आणि आडनाव फसवे असेल तर "शहामृगातला श" असे आपणहून म्हणावे. आकड्यांचेही तसेच आहे. नोटीस पिरियड 'साठ दिवस' सांगितला आणि समोर 'सात दिवस' लिहिले गेले, तर तो घोळ पुढे ऑफरच्या वेळी निस्तरावा लागतो. "साठ दिवस, म्हणजे पूर्ण दोन महिने" असे सांगितल्यास शंका उरत नाही.

दुसरी चूक मला अधिक महत्त्वाची वाटते, ती म्हणजे लिहून ठेवलेली ओळख वाचून दाखवणे. चेहरा दिसत नसल्यामुळे कागद समोर ठेवण्याचा मोह होतो, परंतु वाचलेले वाक्य कानाला लगेच कळते: प्रत्येक वाक्याचा शेवट एकाच सुरात पडतो, श्वास अर्थाच्या जागी न घेता ओळीच्या शेवटी घेतला जातो आणि मध्येच प्रश्न आला की आवाज एकदम बदलतो. नाशिकच्या एका कारखान्यात तीन वर्षे लेखा विभागात काम केलेल्या उमेदवाराची ओळख अशी होती: "मी एक मेहनती, प्रामाणिक, ध्येयनिष्ठ आणि संघभावनेने काम करणारा उमेदवार असून मला लेखाक्षेत्रातील विविध जबाबदाऱ्यांचा व्यापक अनुभव आहे." यातले काय लिहून घ्यायचे? मी त्यांना कागदावर पूर्ण वाक्यांऐवजी फक्त चार शब्द ठेवायला सांगितले: नाशिक, बिले, जीएसटी, पुणे. त्यावरून ते असे बोलले:

"मी तीन वर्षांपासून नाशिकमध्ये यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लेखा सहायक आहे. महिन्याला साधारण चारशे खरेदी-बिले टॅलीत नोंदवतो. गेल्या वर्षापासून जीएसटी रिटर्नची आकडेवारीही मीच जुळवतो, आणि ते काम मला मनापासून आवडते. आता घरचे पुण्याला आल्यामुळे मी तिथे नोकरी पाहत आहे."

हे बोलायला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही, आणि प्रत्येक वाक्यात टिपून घेण्यासारखे काहीतरी आहे. "मनापासून आवडते" हे शब्द त्यांना त्या क्षणी सुचले, म्हणून त्यांच्या आवाजात ऊब आली. बोलताना चेहऱ्यावर हसू असेल तर ओठ ताणले जाऊन आवाजाचा पोत खरोखरच बदलतो आणि तो फोनवरही ऐकू येतो. मात्र संपूर्ण वेळ ओढून आणलेले हसू थकवते. ते नमस्काराच्या वेळी आणि आवडीच्या कामाबद्दल बोलताना आले, तरी पुरेसे असते.

स्पीकरवर फोन ठेवणे टाळावे, कारण खोलीतला घुमारा शब्दांत मिसळतो. प्रवासात फोन आला, तर "अर्ध्या तासाने बोललो तर चालेल का?" असे विचारण्यात काहीही गैर नाही.

शेवटची चूक शांततेला घाबरण्याची आहे. ओळख संपल्यावर पलीकडून तीन-चार सेकंद आवाज आला नाही की उमेदवार घाबरून पुन्हा बोलू लागतात, शाळेपासूनचा इतिहास सांगतात आणि आधी नेमके सांगितलेले त्यात बुडून जाते. त्या वेळी बहुधा टंकलेखन चालू असते. नीट ऐकले तर कळफलकाचा आवाजही येतो. शांतता याहून लांबली, तर "माझा आवाज नीट येतोय ना?" एवढेच विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. ओळखीचे शेवटचे वाक्यच "यातल्या कोणत्या कामाबद्दल अधिक सांगू?" असे ठेवले, तर पुढे कोणी बोलायचे, याचा संभ्रमही राहत नाही.