मामा-भाचा आणि भेटीवरचा आयकर

मामाने भाच्याला घरासाठी 5 लाख रुपये भेट दिले, तर भाच्याला त्यावर आयकर नाही. उलट भाच्याने मामाला घरदुरुस्तीसाठी तेवढेच दिले, तर मात्र कर लागतो. कारण आयकरातल्या नातेवाइकांच्या यादीत आईवडिलांची भावंडं आहेत, भावंडांची मुलं नाहीत. यादीबाहेरच्यांकडून आलेल्या भेटी वर्षात 50,000 च्या वर गेल्या की सगळी रक्कम, फक्त वरची नव्हे, घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरतात. पैसे खरोखर परत यायचे असतील तर उसने म्हणूनच द्या आणि तसं लिहून ठेवा.

भेट करमुक्त असली तरी रोख देऊ नका. बँकेतून पाठवा आणि साध्या पत्रावर नातं, रक्कम, तारीख, व्यवहार क्रमांक, दोघांचे पॅन व सह्या घ्या. नोटीस आली की हेच मागतात.