आवडत्या शिक्षकांसाठी नववर्षाच्या चार ओळी कशा लिहाव्यात

गोव्यातल्या शाळा नाताळच्या सुट्टीनंतर उघडतात, तेव्हा बाईंच्या टेबलावर शुभेच्छापत्रांचा ढीग साचतो आणि त्यांतल्या बहुतेकांत ‘वर्ष’ला ‘हर्ष’ जोडलेला असतो. हे यमक वापरू नये; ते कोणालाही लागू पडते, म्हणून कोणाचेच राहत नाही.

आधी शिक्षकांनी तुमच्यासाठी केलेली एक गोष्ट निवडा. ज्ञानाचा दिवा किंवा मायेची सावली नको, डोळ्यांनी पाहिलेलेच हवे. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या एका मुलीला अपूर्णांक कळत नव्हते, तेव्हा तिच्या बाईंनी स्वतःच्या डब्यातली भाकरी मोडून तिला पाव आणि अर्धा दाखवला होता. तिने लिहिले:

डब्यातली भाकरी ती
मोडलीत माझ्यासाठी;
नव्या वर्षी सुख, बाई,
मागते मी तुम्हांसाठी.

अपूर्णांकांचा इथे उल्लेख नाही आणि तो नसावाच, कारण भाकरी का मोडली हे बाईंना ठाऊक आहे. मुले हमखास स्पष्टीकरणाची ओळ घालतात. ती निर्धाराने खोडावी.

खरी अडचण मोजणीत येते. ही अष्टाक्षरी आहे, म्हणजे प्रत्येक ओळीत आठ अक्षरे. जोडाक्षर एकच धरावे, काना-मात्रा वेगळ्या मोजू नयेत, आणि ‘सुख’मधला ‘ख’ बोलताना अर्धवट ऐकू येत असला तरी तो पूर्ण अक्षर म्हणून मोजावा. पण आठ भरले म्हणजे ओळ जमली, हा सल्ला मला मान्य नाही. ‘बाई, तुम्हांला सुख हो’ यातही आठच अक्षरे आहेत, तरी म्हणताना ती ओळ अडखळते, कारण चौथ्या अक्षरावरचा विसावा ‘तुम्हां’ आणि ‘ला’ यांच्यामध्ये पडून शब्द तुटतो. वरच्या चारही ओळींत तो विसावा शब्द संपल्यावरच येतो: डब्यातली, भाकरी ती, मोडलीत, माझ्यासाठी. म्हणून बोटांवर मोजून झाल्यावर टाळी देत मोठ्याने म्हणावे. जिथे टाळी शब्दाच्या मध्यावर पडेल, तिथे शब्दांची जागा बदलावी, नवे विशेषण घुसडू नये.

संबोधन बदलले की तिसरी ओळ पुन्हा मोजावी लागते. सरांसाठी ‘नव्या वर्षी, सर, सुख’ चालते. अनेक शाळांत ‘टीचर’ म्हणतात, आणि तो शब्द तीन अक्षरांचा असल्यामुळे ‘बाई’च्या जागी ठेवला की ओळ नऊवर जाते, तिथे ‘टीचर, या वर्षी सुख’ असे लिहावे. वर्गात जशी हाक मारता तीच कार्डावर असावी, ‘गुरुवर्य’ नको. मुलाने ‘मागते’चे ‘मागतो’ करावे, अक्षरे तेवढीच राहतात.

कार्डावर वर ‘नववर्षाच्या शुभेच्छा’, मध्ये या चार ओळी, खाली नाव आणि इयत्ता एवढेच लिहावे.