करिअर बदलताना दोन पानी सीव्हीत या चुका टाळा

समजा, चाकणच्या एका ऑटो कंपोनंट कारखान्यात 14 वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंग केलेल्या माणसाला सॅप या कंपन्यांचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पीपी, म्हणजे प्रॉडक्शन प्लॅनिंग मॉड्यूलचा कन्सल्टंट व्हायचंय. असे सीव्ही बहुधा एकाच जागी अडतात. पहिलं पान कारखान्याच्या जबाबदाऱ्यांनी भरतं आणि नव्या कामाला उपयोगी पडणारा अनुभव दुसऱ्या पानाच्या तळाशी जातो.

यावर उपाय म्हणून काही जण नोकऱ्यांचा क्रमच काढून टाकतात आणि नुसती कौशल्यांची यादी देतात. हे करू नका. तारखा दिसल्या नाहीत की रिक्रूटरला काहीतरी लपवल्याचा संशय येतो. त्यापेक्षा सुरुवातीला कोणतं पद हवं हे सांगणाऱ्या तीन-चार ओळी आणि उपयोगी कामाचे पाच-सहा मुद्दे द्या. त्याखाली नोकऱ्या, ताजी आधी. गेल्या दहा वर्षांचं काम सविस्तर, त्याआधीच्या प्रत्येक नोकरीला एक ओळ पुरे.

सगळ्यात जास्त नुकसान पुराव्याशिवाय लिहिलेल्या कौशल्यांनी होतं. ‘लाइन प्लॅनिंगची जबाबदारी, उत्तम संवादकौशल्य’ हे कुणीही लिहील. आपल्या प्लॅनरने तेच असं लिहावं: ‘सॅप बसवताना प्लॅनिंग विभागाचा की-युजर. सुट्या भागांच्या 340 बीओएम याद्या तपासून चुका दुरुस्त करून घेतल्या, युजर टेस्टिंगच्या केसेस लिहिल्या, शिफ्टमधल्या 25 जणांना ट्रेनिंग दिलं. रोज सॅपच्या MD04 स्क्रीनवर मालाचा तुटवडा पाहून खरेदी आणि स्टोअरशी बोलून तो सोडवला.’ कन्सल्टंटलाही युजरची गरज समजून घ्यावी लागते, टेस्टिंग करून घ्यावं लागतं, लोकांना शिकवावं लागतं. काम तेच आहे, फक्त ते आता नव्या क्षेत्रातल्या माणसाला ओळखता येतं. आकडे मात्र तुमच्या रेकॉर्डमधले हवेत, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यांच्यावरच येतो.

इथे एक मर्यादा पाळावीच लागते. सिस्टीम वापरणं वेगळं आणि कॉन्फिगर करणं वेगळं. कॉन्फिगरेशन फक्त कोर्समध्ये केलं असेल तर ते ‘प्रशिक्षण’ या शीर्षकाखालीच ठेवा. अनुभवात घातलं तर तांत्रिक फेरीत लगेच उघडं पडतं, आणि मग प्लॅनिंगच्या खऱ्या अनुभवावरही विश्वास बसत नाही.

दोन पानांत बसवण्यासाठी फॉन्ट दहाच्या खाली नेऊ नका. जन्मतारीख, छंद, डिक्लरेशन काढलं की बरीच जागा मिळते. दोन रकान्यांची टेम्प्लेट आणि टेक्स्ट बॉक्सही टाळा. काही कंपन्यांची सीव्ही वाचणारी सॉफ्टवेअर त्यातला मजकूर उलटसुलट वाचतात, हेडरमधला फोन नंबर कधीकधी गाळतात. पाठवण्याआधी पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा. कंपनीचं नाव एकीकडे आणि तारखा दुसरीकडे गेल्या, तर वर्डच्या फाइलमध्ये रकाने मोडून सगळं सरळ ओळीखाली ओळ असं मांडा आणि पुन्हा तपासा.