क्लॅम्प मीटरने वसतिगृहातल्या दिव्यांचं ऑडिट: एलईडीच्या बचतीचा खरा आकडा कसा काढायचा

एलईडी लावली की वीज वाचते, हे सगळ्यांना माहीत आहे. किती वाचते, हे सांगताना मात्र बहुतेक अहवाल चुकतात, आणि चूक नेहमी एकाच दिशेने होते: बचत फुगते. तिचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, ते पुढे सविस्तर सांगतो. इथे फक्त दिव्यांचं बोलू. पंखे, गिझर आणि पाण्याचे पंप हा वेगळा विषय आहे.

मोजदाद

मजल्यामजल्यावर फिरून दिवे मोजा. फिटिंग कुठलं, चोक तांब्याचा की इलेक्ट्रॉनिक, आणि कुठला दिवा कुठल्या एमसीबीवर, हे वहीत लिहा. बंद आणि लुकलुकणारे दिवे वेगळे नोंदवा. तांब्याचा चोक हाताला जड लागतो आणि त्याच्या फिटिंगमध्ये स्टार्टर असतो. ओळखायला एवढं पुरतं.

क्लॅम्प लावणे

डीबी, म्हणजे एमसीबी बसवलेली पेटी, उघडायची ती इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊनच. क्लॅम्प मीटरच्या जबड्यात एकच वायर घ्या, त्या सर्किटची फेज. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत आल्या तर मीटर शून्याजवळ दाखवेल, कारण दोघींचे प्रवाह एकमेकांना रद्द करतात. मीटर ट्रू आरएमएस असावा. साधा मीटर एलईडीचा टोकदार प्रवाह बराच कमी दाखवतो, आणि मग नवे दिवे आहेत त्यापेक्षा काटकसरी वाटू लागतात.

एकटी एलईडी ट्यूब साधारण ०.१ अँपिअर घेते. मोठ्या जबड्याच्या मीटरवर तो आकडा विश्वासाचा नसतो. वायरचे दहा वेढे जबड्यातून घ्या आणि वाचन दहाने भागा, किंवा सरळ अख्खं सर्किट एकत्र मोजा.

इथेच सगळे चुकतात

क्लॅम्प मीटर अँपिअर दाखवतो, वॅट नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हा हिशेब हीटरला लागू पडतो. तांब्याच्या चोकच्या ट्यूबलाइटला तो लागू पडत नाही. चोक ही गुंडाळी आहे. ती प्रवाह मागे खेचते, त्यामुळे निम्म्याहून जास्त प्रवाह मीटरवर दिसतो पण काम करत नाही. खरे वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर म्हणजे पॉवर फॅक्टर. अशा ट्यूबचा तो, फिटिंगमध्ये कपॅसिटर नसेल तर, ०.५ च्या आसपास असतो.

माझ्या पहिल्या ऑडिटमध्ये मी हीच चूक केली. एका कॉलेजच्या इमारतीत व्होल्ट गुणिले अँपिअर करून बचत लिहून दिली, दिवे बदलले गेले, आणि बिलात तिचा जेमतेम एक तृतीयांश उतरला. संस्थेने माझ्या शब्दावर पैसे घातले होते. तेव्हापासून पॉवर फॅक्टर मोजल्याशिवाय मी एकही आकडा देत नाही, आणि तुम्हीही देऊ नका.

एका वसतिगृहातल्या मजल्याचं उदाहरण घेऊ. कॉरिडॉरच्या एका एमसीबीवर तांब्याच्या चोकच्या ३६ वॅटच्या २४ ट्यूब आहेत आणि सगळ्या चालू आहेत. क्लॅम्पवर १०.२ अँपिअर, व्होल्टेज २३१. गुणाकार येतो २३५६. हे व्होल्ट-अँपिअर आहेत. यांना वॅट म्हणू नका.

खरे वॅट विजेच्या मीटरकडून काढायचे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी `imp/kWh` असं लिहून एक आकडा दिलेला असतो, समजा ३२००. म्हणजे ३२०० लुकलुकी झाल्या की एक युनिट. सूत्र असं:

```
वॅट = लुकलुकी × ३६,००,००० ÷ (imp/kWh × सेकंद)
```

त्या मीटरवर फक्त हे सर्किट चालू ठेवलं आणि २० सेकंदांत २० लुकलुकी झाल्या, तर ११२५ वॅट. म्हणजे दर ट्यूबला सुमारे ४७: ट्यूबचे ३६, उरलेले ११ मुख्यतः चोक तापवण्यात जातात. ११२५ भागिले २३५६, म्हणजे पॉवर फॅक्टर ०.४८.

वसतिगृहात बाकी सगळं बंद करता येत नाही, हे मला माहीत आहे. रात्री उशिरा, पंप बंद असताना जा. दिवे चालू ठेवून दोन मिनिटं मोजा, बंद करून दोन मिनिटं मोजा, आणि फरक घ्या. हे तीनदा करा. तीन फरक एकमेकांशी जुळले नाहीत, तर मधेच कुठेतरी फ्रिज किंवा गिझर सुरू झाला होता. मोजणी टाकून द्या आणि पुन्हा करा. मीटर सीटीवर, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरवर, असेल तर उत्तराला सीटीच्या गुणोत्तराने गुणावं लागतं का, हे आधी तपासा.

हा पॉवर फॅक्टर इमारतीतल्या तशाच फिटिंगांच्या बाकी सर्किटांना वापरा. प्रत्येक ठिकाणी लुकलुकी मोजायची गरज नाही. तिथे क्लॅम्प पुरे. इलेक्ट्रॉनिक चोकच्या फिटिंगांना मात्र तो लावू नका. चांगल्या इलेक्ट्रॉनिक चोकचा पॉवर फॅक्टर ०.९ च्या वर असतो.

बचत

आता एलईडी. डब्यावर १८ वॅट लिहिलेली ट्यूब मी हिशेबात २० धरतो. २४ ट्यूबचे ४८० वॅट. खरी बचत ११२५ वजा ४८०, म्हणजे ६४५ वॅट. चुकीच्या हिशेबाने ती १८७६ दिसली असती, जवळजवळ तिप्पट. दिवे बदलल्यावर क्लॅम्पवर साधारण २.२ अँपिअर दिसतील. प्रवाह ७८ टक्क्यांनी उतरला म्हणून विक्रेता खूश होईल, पण वॅट ५७ टक्क्यांनीच उतरलेले असतात.

जुनी फिटिंग ठेवून फक्त ट्यूब बदलणार असाल तर चोक सर्किटमधून काढून टाका. तो आत राहिला तर थोडी वीज खातच राहतो.

तास

दुसरी मोठी चूक तासांची. अधीक्षकांना विचारू नका, स्वतः बघा. कॉरिडॉरचे दिवे कधी लागतात आणि कधी विझतात, हे निदान एक आठवडा नोंदवा. आपल्या उदाहरणात ११ तास निघाले, म्हणजे रोज ७.१ युनिट. सुट्ट्या वजा करून वर्षाचे ३०० दिवस धरले तर सुमारे २१३० युनिट. याला तुमच्या बिलातल्या प्रति युनिट दराने गुणा. स्थिर आकार दिवे बदलून कमी होत नाही, म्हणून एकूण बिलाला युनिटांनी भागून दर काढू नका.

एक अपवाद सांगतो. बिल केव्हीएएचवर, म्हणजे वॅटऐवजी व्होल्ट-अँपिअरच्या हिशेबाने, येत असेल, तर पॉवर फॅक्टर सुधारल्याचाही फायदा मिळतो आणि बचत वॅटच्या हिशेबापेक्षा जास्त निघू शकते. पण मुख्य पॅनेलवर कपॅसिटर बँक आधीच असेल, तर तो फायदा तिने अगोदरच घेतलेला असतो. शिवाय शेकडो चोक निघाल्यावर कायम जोडलेली बँक गरजेपेक्षा मोठी ठरते आणि पॉवर फॅक्टर उलट बाजूला, लीडिंगकडे, जातो. म्हणून दिवे बदलल्याच्या आठवड्यातच पॅनेलवरचा पॉवर फॅक्टर रात्री आणि दुपारी बघा, आणि लीडिंग दिसला तर बँकेतले काही कपॅसिटर इलेक्ट्रिशियनकडून सोडवून घ्या.